एका ब्राउझरात चार अशील

महिन्याची 20 तारीख. जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायचा बहुतेकांचा शेवटचा दिवस. कर सल्लागाराच्या टेबलावर हार्डवेअरवाल्याची फाइल उघडी आहे, पोर्टलवर त्याच्या नावाने लॉगिन झालेलं आहे आणि निम्मे आकडे भरून झाले आहेत. तेवढ्यात केटरिंगवाल्याचा फोन येतो: माझं चलन भरलं गेलंय का, जरा बघा ना. सल्लागार शेजारी नवा टॅब उघडतो, केटरिंगवाल्याचा युजरनेम आणि पासवर्ड टाकतो, चलन बघतो, त्याला सांगतो आणि हार्डवेअरच्या टॅबवर परत येतो. तिथे पुढचं बटण दाबलं की घोळ सुरू होतो. साइट सावध असेल तर ती ताबडतोब बाहेर काढते आणि पुन्हा लॉगिन करायला लावते. कमी सावध साइटवर याहून वाईट घडू शकतं. पडद्यावर हार्डवेअरचे आकडे दिसतात, पण आत नोंद केटरिंगवाल्याच्या खात्यावर होते. जीएसटीचं ३बी एकदा दाखल झालं की ते सुधारून पुन्हा भरता येत नाही. त्यामुळे अशी शक्यता नुसती मनात आली तरी सल्लागाराला धडकी भरते.

हा घोळ कुठल्या एका पोर्टलचा दोष नाही. ब्राउझरची मूळ घडणच तशी आहे. ती कळली तर उपायही आपोआप कळतो, म्हणून आधी ती पाहू.

वेबची पानं ज्या पद्धतीने मागवली आणि पाठवली जातात, त्या पद्धतीला स्मरणशक्ती नाही. तुम्ही एक पान मागता, सर्व्हर ते देतो आणि तुम्हाला विसरतो. दुसरं पान मागितलं की त्याच्या दृष्टीने तुम्ही पुन्हा अनोळखीच. सुरुवातीच्या वेबवर याने काही बिघडत नव्हतं, कारण लोक नुसती पानं वाचत होते. खरेदी सुरू व्हायची वेळ आली तेव्हा अडचण जाणवली. पिशवीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर लक्षात ठेवायची कुणी? 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या अभियंत्याने त्यावर युक्ती काढली. सर्व्हरने एक छोटी चिठ्ठी ब्राउझरकडे द्यायची, ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि त्या साइटकडे पुन्हा जाताना दर वेळी दाखवायची. हीच कुकी.

देवळाबाहेर चपला ठेवल्यावर पत्र्याचा बिल्ला मिळतो, तसंच हे. तुम्ही कोण, कुठून आलात, याच्याशी स्टँडवाल्याला कर्तव्य नसतं. बिल्ल्यावरचा नंबर बघून तो चपला काढून देतो. लॉगिन करताना तुम्ही पासवर्ड एकदाच देता. तो बरोबर निघाला की सर्व्हर एक लांबलचक, अंदाज बांधता येणार नाही असा नंबर कुकीत घालून देतो आणि पुढे सगळा व्यवहार त्या नंबरावर चालतो. लॉगआउट करणं म्हणजे तो बिल्ला रद्द करणं.

अडचण अशी की ब्राउझर एका साइटचे बिल्ले एकाच खिशात ठेवतो आणि एका नावाचा एकच बिल्ला ठेवतो. टॅब पन्नास उघडा, खिडक्या दहा उघडा, खिसा तोच. केटरिंगवाल्याने लॉगिन केलं की त्याचा नंबर हार्डवेअरवाल्याच्या नंबराच्या जागी बसतो. हार्डवेअरच्या टॅबला याचा पत्ताही लागत नाही, कारण आधी आलेलं पान पडद्यावर जसंच्या तसं असतं. त्या पानावरचं बटण दाबलं की ब्राउझर खिशात हात घालतो आणि जो सापडेल तो बिल्ला पुढे करतो. तो आता केटरिंगवाल्याचा असतो.

काही कंपन्यांनी यावर आपापल्या साइटपुरती सोय केली आहे. गूगलवर तुम्ही एकाच वेळी अनेक खात्यांनी लॉगिन राहू शकता, कारण गूगलची यंत्रणाच अनेक खाती सांभाळायला बांधलेली आहे. पत्त्यात `/u/0/`, `/u/1/` असे आकडे दिसतात, तो त्या खात्यांचा क्रम. तरीही शाळेच्या खात्यावर आलेली ड्राइव्हची लिंक उघडावी आणि समोर परवानगी मागा असा निरोप यावा, हा अनुभव अनेक शिक्षकांना असेल. लिंकमध्ये खात्याचा आकडा नसला की गूगल सहसा सर्वांत आधी लॉगिन केलेलं खातं धरतो आणि ते घरचं असतं. सरकारी पोर्टलं, बँका, वीजबिलाच्या साइट यांच्याकडे तर एवढीही सोय नसते. त्यांच्या लेखी एक ब्राउझर म्हणजे एक माणूस.

यावर ऑफिसांमध्ये चालणारा रूढ उपाय म्हणजे खासगी खिडकी, अर्थात इन्कॉग्निटो. तिचा खिसा खरंच वेगळा असतो, त्यामुळे दुसरं लॉगिन बिनधोक होतं. पण तिसरं होत नाही. खासगी खिडक्या कितीही उघडल्या तरी त्या सगळ्यांचा मिळून एकच खिसा असतो. तिसऱ्या अशिलासाठी मग दुसरा ब्राउझर, चौथ्यासाठी त्याची खासगी खिडकी, अशी वरात निघते. शिवाय कुठल्या खिडकीत कोण आहे हे सल्लागाराने डोक्यात ठेवायचं. 20 तारखेला डोक्यात तेवढी जागा नसते.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने यावर वेगळा विचार केला. खिसा ब्राउझरला एक असण्याऐवजी टॅबनिहाय का असू नये? 2016 च्या जूनमध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ही सोय प्रथम दिसली. सप्टेंबर 2017 मध्ये `Firefox Multi-Account Containers` या नावाने ती मोफत जोड म्हणून सर्वांसाठी आली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये, केंब्रिज अॅनालिटिका प्रकरण गाजत असताना, मोझिलाने फक्त फेसबुकला एका कंटेनरात कोंडणारी दुसरी जोड काढली आणि कंटेनर हा शब्द बातम्यांत आला. त्यामुळे पुष्कळांच्या मनात कंटेनर म्हणजे पाळत टाळण्याचं साधन एवढंच बसलं आहे. माझ्या मते रोजच्या कामात त्याचा खरा उपयोग दुसराच आहे: एकाच साइटवर चार माणसं म्हणून एकाच वेळी बसता येणं.

आतली रचना अगदी सरळ आहे. प्रत्येक कंटेनरला एक क्रमांक असतो. कुकी साठवताना फायरफॉक्स साइटच्या नावासोबत हा क्रमांकही लिहून ठेवतो. दुसऱ्या क्रमांकाच्या कंटेनरातली कुकी असेल तर तिच्या नोंदीत असं दिसतं:

```
^userContextId=2
```

साध्या टॅबच्या कुकीत हा शेरा नसतो. साइटकडे जाताना ब्राउझर ज्या टॅबमधून निघाला आहे त्याच क्रमांकाच्या कुकी उचलतो, बाकीच्यांना हात लावत नाही. कुकींबरोबर साइटने ब्राउझरात साठवलेली इतर माहिती आणि पानांची साठवलेली प्रतही अशीच वेगळी राहते. सर्व्हरला यातलं काहीच कळवलं जात नाही. त्याला वाटतं, चार वेगळे ब्राउझर आले आहेत. म्हणून पोर्टल कितीही जुनं असलं तरी त्याच्या बाजूने काही बदलावं लागत नाही.

आता सल्लागाराकडे परत जाऊ आणि 20 तारखेचं काम नीट लावू. फायरफॉक्समध्ये ही जोड बसवली की सुरुवातीला चार कंटेनर तयार मिळतात: `Personal`, `Work`, `Banking` आणि `Shopping`. आपल्या कामाला ही नावं निरुपयोगी आहेत. वरच्या पट्टीतल्या जोडीच्या चिन्हावर टिचकी मारून `Manage Containers` मध्ये जायचं आणि अशिलांची नावं द्यायची. नाव देवनागरीतही चालतं. हार्डवेअरला नारिंगी रंग, केटरिंगला हिरवा, स्टेशनरीच्या दुकानाला जांभळा. रंग मोजकेच आहेत, आठ-नऊ. त्यामुळे अशील तीस असतील तर रंग पुन्हा येणारच. म्हणून रंगावर नाही, नावावर भिस्त ठेवावी. नाव शक्यतो दुकानाचं द्यावं, मालकाचं नको. एकाच आडनावाचे तीन मालक कुठल्याही बाजारपेठेत असतात.

मग टॅबपट्टीवरचं अधिकचं चिन्ह दाबून धरायचं. कंटेनरांची यादी उघडते. त्यातून हार्डवेअर निवडलं की नवा टॅब उघडतो, त्याच्यावर नारिंगी रेघ असते आणि पत्त्याच्या चौकटीत उजवीकडे कंटेनरचं नाव लिहिलेलं असतं. तिथे जीएसटीचं पोर्टल उघडायचं आणि हार्डवेअरचं लॉगिन करायचं. पुन्हा अधिकचं चिन्ह दाबून धरायचं, केटरिंग निवडायचं, तेच पोर्टल उघडायचं.

या दुसऱ्या टॅबवर काय दिसतं ते लक्ष देऊन पाहावं, कारण सगळं नीट लागलंय की नाही याची तीच खूण आहे. पोर्टलने लॉगिनचं कोरं पान दाखवलं पाहिजे, जणू तुम्ही पहिल्यांदाच आला आहात. पान उघडताच हार्डवेअरचं नाव दिसलं तर तुम्ही चुकून त्याच कंटेनरात आहात. तिथे लगेच थांबावं, लॉगआउटही करू नये, कारण लॉगआउट केलं तर पहिल्या टॅबचंही होईल. तो टॅब नुसता बंद करावा.

तिन्ही लॉगिन झाली की नारिंगी टॅबमध्ये आकडे भरत असताना हिरव्यात चलन बघता येतं आणि जांभळ्यात आयटीसीचे आकडे ताडता येतात. एका टॅबमधून उघडलेली लिंक नव्या टॅबमध्ये गेली तरी त्याच कंटेनरात राहते. फक्त एक गोष्ट जीवघेणी आहे: कीबोर्डवरून Ctrl+T दाबून उघडलेला टॅब कुठल्याही कंटेनरात नसतो. त्यावर रंगाची रेघ नसते. घाईत बोटं आपोआप तिकडे जातात आणि एखादं लॉगिन बिनरंगी टॅबमध्ये होऊन बसतं. त्याने इतरांचं काही बिघडत नाही, पण पुढचा अशीलही बिनरंगी टॅबमध्ये उघडला तर जुना घोळ पुन्हा सुरू. यावर अर्धा तोडगा म्हणजे फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये टॅबांच्या भागात `Select a container for each new tab` वर खूण करणं. मग अधिकचं चिन्ह नुसतं दाबलं तरी ब्राउझर आधी कंटेनर विचारतो, Ctrl+T दाबल्यावर मात्र विचारत नाही.

आता जिथे बहुतेक जण फसतात त्या जागेबद्दल. कंटेनरांविषयी लिहिलेल्या जवळपास प्रत्येक मार्गदर्शनात `Always Open This Site in…` ही सोय वापरा असा सल्ला असतो. म्हणजे अमुक साइट कायम अमुक कंटेनरातच उघडायची. फेसबुकला एका जागी डांबायचं असेल तर हे उत्तम. पण एकाच साइटची अनेक लॉगिन हवी असतील तर हीच सोय अडचण होते. जीएसटी पोर्टल हार्डवेअरच्या कंटेनराला जोडून ठेवलं, तर केटरिंगच्या टॅबमध्ये ते उघडताना फायरफॉक्स मध्येच एक पान दाखवून विचारतो की नेमलेल्या कंटेनरात नेऊ का. घाईत होकार दाबला की तुम्ही हार्डवेअरमध्ये पोचलात. तेव्हा नियम असा ठेवावा: ज्या साइटवर एकापेक्षा जास्त लॉगिन करायची आहेत ती कधीही कुठल्याही कंटेनराला कायमची जोडायची नाही.

बँकेच्या बाबतीत हा फास आणखी सूक्ष्म होतो. समजा सल्लागाराने आपली बँक `Banking` कंटेनराला जोडून ठेवली आहे. तो हिरव्या टॅबमध्ये केटरिंगवाल्याच्या चलनाचे पैसे नेट बँकिंगने भरायला जातो. पोर्टल त्याला बँकेच्या पानावर पाठवतं. जोड मध्ये पडते आणि ते पान `Banking` कंटेनरातल्या नव्या टॅबमध्ये उघडते. पोर्टलने सोबत दिलेला मजकूर या उडीत हरवला तर बँक व्यवहार ओळखत नाही. समजा पैसे भरून झालेच, तरी बँक पोर्टलकडे परत पाठवते तेव्हा तुम्ही अजून `Banking` मध्येच असता आणि तिथे पोर्टलचं लॉगिन नाही. पैसे गेले की नाही या घालमेलीत पुढचा अर्धा तास जातो. पैसे भरताना एका साइटवरून दुसरीकडे जाऊन परत यायचं असेल, तर पूर्ण प्रवास एकाच कंटेनरात झाला पाहिजे. त्यासाठी बँकेचीही कायमची जोडणी काढून टाकलेली बरी.

कंटेनर काय वेगळं ठेवत नाही, हेही माहीत असावं. पाहिलेल्या पानांचा इतिहास एकच राहतो, बुकमार्क एकच राहतात. आणि मुख्य म्हणजे ब्राउझरात साठवलेले पासवर्डही सगळ्या कंटेनरांना सामाईक असतात. जीएसटीच्या लॉगिन पानावर युजरनेमच्या चौकटीत टिचकी मारली की साठवलेल्या सगळ्या अशिलांची यादी खाली उघडते, टॅब हिरवा असो की नारिंगी. कंटेनर त्यातलं बरोबर नाव निवडून देत नाही. हिरव्या टॅबमध्ये हार्डवेअरचं नाव निवडलं तर फायरफॉक्स बिनतक्रार लॉगिन करू देईल आणि वरती केटरिंग असंच लिहिलेलं राहील. म्हणून लॉगिन झाल्यावर पोर्टलने दाखवलेला जीएसटी क्रमांक आणि कंटेनरचं नाव जुळतंय ना, हे एकदा बघावं. महाराष्ट्रातले सगळे क्रमांक 27 ने आणि गोव्यातले 30 ने सुरू होतात. त्यामुळे पहिल्या दोन आकड्यांवरून काही कळत नाही, पुढचा पॅन वाचावा लागतो.

उतरवून घेतलेल्या फाइलींचंही तसंच. कुठल्याही रंगाच्या टॅबमधून घेतल्या तरी त्या एकाच डाउनलोड फोल्डरमध्ये पडतात. तिथे वेगळं ठेवण्याचं काम माणसाचंच.

पोर्टलचे स्वतःचे नियमही कंटेनर बदलत नाही. जीएसटी पोर्टलवर 15 मिनिटं हालचाल झाली नाही की लॉगिन संपतं. चार टॅब उघडून एकातच गुंतून राहिलात तर बाकीचे तीन एकामागून एक बाहेर पडतील. म्हणून एका वेळी तीन-चारहून जास्त उघडण्यात अर्थ नाही. तसंच, एखादी साइट एका युजरला एका वेळी एकच लॉगिन देत असेल, तर तोच युजर दोन कंटेनरांत टाकून काही साधणार नाही. दुसरं लॉगिन पहिल्याला काढेल. कंटेनर वेगवेगळ्या माणसांची गल्लत टाळतो, एकाच माणसाला दोन करत नाही.

कुणी याचा उपयोग बनावट खाती चालवायला करायचं म्हणत असेल तर तेही जमणार नाही. सगळे कंटेनर त्याच संगणकावरून, त्याच इंटरनेट जोडणीवरून निघतात. आयपी पत्ता एक, ब्राउझरची आवृत्ती एक, पडद्याचा आकार आणि फाँटही तेच. साइटला मनावर घ्यायचं असेल तर ही चारही खाती एकाच टेबलावरची आहेत हे तिला सहज ताडता येतं.

अशील सोडून गेला तर `Manage Containers` मधून त्याचा कंटेनर काढून टाकावा. त्याने त्याचे उघडे टॅब बंद होतात आणि त्या कंटेनरातल्या कुकी व साठवलेली माहिती पुसली जाते. साठवलेला पासवर्ड मात्र उरतोच. तो वेगळा जाऊन काढायचा, हे विसरू नये. घरच्या आणि ऑफिसच्या संगणकावर एकाच मोझिला खात्याने फायरफॉक्स वापरत असाल तर कंटेनरांची नावं आणि रंग दोन्हीकडे सारखे ठेवता येतात. लॉगिन मात्र वाहून जात नाहीत, प्रत्येक संगणकावर ती नव्याने करावी लागतात. तेच योग्यही आहे.

क्रोममध्ये अशी सोय नाही. तिथे प्रोफाइल बनवावी लागतात. प्रत्येक प्रोफाइलला स्वतंत्र खिडकी, स्वतंत्र बुकमार्क आणि स्वतंत्र पासवर्ड. पासवर्डांची सरमिसळ टाळायची असेल तर ही पद्धत कंटेनरांपेक्षा खरंच चांगली आहे. ज्याची दोन-तीनच लॉगिन आहेत, जसं घरचं आणि शाळेचं जीमेल, त्याने प्रोफाइलच वापरावं आणि या लेखातलं बाकी सगळं सोडून द्यावं. पण जो दर महिन्याला एकाच पोर्टलवर पंधरा-वीस जणांची कामं करतो, त्याने फायरफॉक्स उतरवून घ्यावा आणि निदान तेवढ्या एका पोर्टलसाठी वापरावा. बाकी कामांसाठी क्रोम शेजारी राहू द्यावा, दोघांचं एकमेकांशी काही भांडण नाही. आणि हे सगळं संगणकावर करावं, कारण मोबाइलवरच्या फायरफॉक्समध्ये ही जोड चालत नाही.